कापताना माया ठेवा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पीटरशॅम गावाजवळ हार्वर्ड विद्यापीठाचे एक संशोधन-जंगल आहे. १९०७ सालापासून तिथे झाडांचा अभ्यास चालू आहे. या जंगलात ५०० मीटर रुंद आणि ७०० मीटर लांब असा एक आयत आखलेला आहे, म्हणजे ३५ हेक्टर. त्यातल्या प्रत्येक झाडाची, छातीच्या उंचीवर जेमतेम एक सेंटिमीटर जाडी भरणाऱ्या रोपट्याचीसुद्धा, नोंद ठेवली जाते: जात कोणती, जाडी किती, उभे कुठे. अशा खोडांची संख्या लाखाच्या वर जाते. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात १९८८ साली ५० हेक्टरांचा असाच एक आयत आखला गेला. हे दोन्ही आयत जंगल-अभ्यासाच्या एकाच जागतिक साखळीतले आहेत.

हार्वर्डच्या जंगलावरून 'निऑन' या अमेरिकी निरीक्षण-जाळ्याचे विमानही उडते. ते जमिनीपासून साधारण हजार मीटर उंचीवरून खाली लेझरचे स्पंद सोडत जाते. स्पंद खाली जाऊन परत यायला किती वेळ लागला, यावरून तो ज्या गोष्टीवर आपटला तिचे अंतर कळते. विमानाची जागा आणि कल माहीत असल्याने त्या गोष्टीचे स्थान आणि उंचीही कळते. एकच स्पंद आधी शेंड्याला, मग मधल्या फांदीला आणि शेवटी जमिनीला लागून तीनदा परतू शकतो. प्रत्येक परतीचा एक बिंदू. अशा कोट्यवधी बिंदूंच्या साठ्याला 'पॉइंट क्लाउड' म्हणतात. आपण त्याला बिंदुमेघ म्हणू. या सगळ्या तंत्राचे नाव लायडार.

विमानाला आयत दिसत नाही. तेव्हा आयतातल्या झाडांची उंची बिंदुमेघावरून काढायची असेल, तर आधी मेघातून आयतापुरता तुकडा वेगळा करावा लागतो. यालाच क्लिप करणे म्हणतात. सॉफ्टवेअरला हद्द आणि बिंदूंची फाइल द्यायची, आत पडणारे बिंदू ठेवायचे, बाकीचे गाळायचे. काम एका ओळीच्या आज्ञेत होते, आणि म्हणूनच त्यातली चूक कुणाच्या लक्षात येत नाही. कुठे कापले आणि कोणत्या टप्प्यावर कापले, यावर पुढचा सगळा हिशेब अवलंबून असतो.

आधी कोणत्या फाइली घ्यायच्या?

निऑन आपला बिंदुमेघ एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद अशा चौरस फरशांमध्ये वाटते. प्रत्येक फरशीची एक फाइल, आणि तिच्या नावात फरशीच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे सहनिर्देशक. `732000_4713000` असे नाव असेल तर ती फरशी पूर्वेकडे ७,३२,००० ते ७,३३,००० आणि उत्तरेकडे ४७,१३,००० ते ४७,१४,००० मीटर इतकी पसरलेली आहे. आपल्या हद्दीच्या कोपऱ्यांचे आकडे हजारापर्यंत खाली आणले की लागणाऱ्या फरशांची नावे आपोआप मिळतात.

आयत एक किलोमीटरपेक्षा लहान असला, तरी तो एकाच फरशीत बसेल असे नाही. फरशांचे सांधे नेमके त्याच्या मधून जात असतील, तर चार फरशा लागतात. प्रत्येक चौरस मीटरला दहा बिंदू धरले, तर एका फरशीत एक कोटी आणि चारांमध्ये चार कोटी बिंदू होतात. आयताला त्यांतले लागतात फक्त ३५ लाख. क्लिप करण्यामागचे पहिले, सरळ कारण हेच आहे. साध्या संगणकाच्या स्मृतीत चार कोटी बिंदू धरून त्यांवर एकेक प्रक्रिया चालवणे जिकिरीचे असते, ३५ लाखांचे काम काही मिनिटांत उरकते.

दुसरे कारण हिशेबाचे. आयताबाहेर रस्ता असेल, दलदल असेल, कुणाचे घर असेल. त्यांचे बिंदू आकडेमोडीत राहिले, तर निघणारी सरासरी उंची आयताची नसून सबंध परिसराची असेल. जमिनीवर मोजलेल्या झाडांशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही.

आकड्यांची भाषा एक असावी

क्लिप करताना संगणक फक्त आकडे पडताळतो: या बिंदूचा आडवा आणि उभा आकडा हद्दीच्या आत पडतो की नाही? म्हणून हद्द आणि बिंदू एकाच सहनिर्देशक-पद्धतीत असणे ही पहिली अट. निऑनच्या या भागातल्या फरशा यूटीएम पद्धतीच्या १८व्या उत्तर विभागात असतात. मॅसॅच्युसेट्स राज्याचे स्वतःचे नकाशे मात्र बहुधा राज्याच्या वेगळ्या पद्धतीत मिळतात. हार्वर्डच्या जंगलाचा पूर्वेकडचा आकडा यूटीएममध्ये ७,३२,०००च्या आसपास येतो, तर राज्याच्या पद्धतीत सुमारे १,४५,०००. दोन्ही आकडे मीटरमध्येच आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. तरी हद्द एका पद्धतीत आणि बिंदू दुसऱ्या पद्धतीत ठेवून कापले, तर हाती शून्य बिंदू येतात.

असा प्रसंग महाराष्ट्रातही सहज ओढवू शकतो. यूटीएमच्या ४३व्या आणि ४४व्या विभागांची सीमा ७८ अंश पूर्व रेखावृत्तावर आहे, आणि हे रेखावृत्त विदर्भातून जाते. अमरावती तिच्या पश्चिमेला, नागपूर पूर्वेला. त्या सीमेवरच्या एखाद्या शेताचा पूर्वेकडचा आकडा ४३व्या विभागात मोजला तर सुमारे ८,१३,००० येतो आणि ४४व्यात सुमारे १,८७,०००. शेत तेच, पण एकाचा आकडा दुसऱ्यात वाचला तर ते सहाशेहून अधिक किलोमीटर सरकते.

शून्य बिंदू मिळाले की माणूस थांबतो आणि चूक शोधतो. खरा धोका लहान सरकण्याचा असतो. अमेरिकेत NAD83 आणि WGS84 ही पृथ्वीच्या आकाराची दोन संदर्भ-मापे जवळजवळ एकसारखी समजली जातात, पण त्यांत एखाद-दीड मीटरचा फरक पडतो. रूपांतर करताना सॉफ्टवेअरने हा फरक शून्य धरला, तर हद्द तेवढी सरकते आणि कुठलीही सूचना मिळत नाही. ३५ हेक्टरांच्या आयताला याची फारशी झळ बसत नाही. लहान चौकटीला बसते, तो हिशेब पुढे येईल.

इथे एक नियम पाळावा. रूपांतर हद्दीचे करावे, बिंदूंचे नको. हद्दीला चार कोपरे आहेत, बिंदू कोट्यवधी. शिवाय मूळ बिंदू जसेच्या तसे राहिले, तर नंतर कुणालाही तपासून पाहता येते.

नेमके कापले तर काय बिघडते?

समजा, आकडे जुळले आणि आपण आयताच्या रेषेवर अगदी काटेकोर क्लिप केले. ३५ लाख बिंदू हाती आले. आता झाडांची उंची काढायची. बिंदूची उंची समुद्रसपाटीपासून दिलेली असते, त्यामुळे आधी जमिनीची उंची ठरवून ती वजा करावी लागते. यासाठी जमीन म्हणून वर्गीकृत केलेले बिंदू घेतात. फाइलमध्ये त्यांना २ हा वर्ग-क्रमांक दिलेला असतो. हे बिंदू एकमेकांना जोडून त्रिकोणांचे जाळे विणतात. झाडाचा बिंदू ज्या त्रिकोणावर येतो, त्या त्रिकोणाची तिथली उंची ही त्याच्या पायाखालची जमीन.

जंगलाच्या आत हे उत्तम चालते. कडेला अडते. हार्वर्डच्या जंगलात हेमलॉक नावाचा सूचिपर्णी वृक्ष मोठ्या प्रमाणावर आहे. त्याची सावली दाट असते आणि बारा महिने टिकते, त्यामुळे त्याच्याखाली जमिनीपर्यंत पोहोचणारे स्पंद मोजके असतात. हद्दीची रेषा अशा हेमलॉकच्या गर्दीतून गेली, तर रेषेच्या आतला शेवटचा जमिनीचा बिंदू सहा-सात मीटर मागे राहू शकतो. तिथून रेषेपर्यंत त्रिकोणच नाही. असले तर लांबट, अरुंद, दूरच्या बिंदूंना कसेबसे जोडणारे. मग सॉफ्टवेअर जवळच्या बिंदूची उंची उचलून पुढे ओढते. जमीन सपाट असेल तर निभावते. पण समजा, चढ मीटरमागे २० सेंटिमीटरांचा आहे आणि शेवटचा बिंदू सहा मीटर मागे आहे. तर कडेच्या जमिनीच्या उंचीत १.२ मीटरची चूक झाली, आणि तिथल्या प्रत्येक झाडाच्या उंचीतही तेवढीच.

चीड आणणारी गोष्ट अशी, की रेषेच्या पलीकडे दोन मीटरवर जमिनीचा एक चांगला बिंदू होता. आपणच तो आधी कापून टाकला.

दुसरे नुकसान झाडांच्या मुकुटांचे. बिंदुमेघातून झाडे शोधण्याची प्रचलित रीत अशी: ठरावीक आकाराची खिडकी सगळीकडे फिरवायची आणि आसपासच्या सगळ्या बिंदूंपेक्षा उंच असलेला बिंदू सापडला, की तो झाडाचा शेंडा मानायचा. आता एक ओक घ्या. त्याचे खोड हद्दीबाहेर तीन मीटरवर आहे आणि फांद्या आत झुकल्या आहेत. काटेकोर कापल्यावर त्याचा शेंडा नाहीसा होतो आणि मुकुटाची एक उतरती बाजू आत उरते. त्या उरलेल्या भागातला सर्वांत उंच बिंदू नेमका रेषेवर असतो. खिडकीला बाहेरचे काही दिसत नाही, म्हणून ती त्यालाच शेंडा ठरवते. अशा रीतीने हद्दीच्या कडेने न उगवलेल्या झाडांची एक रांग तयार होते. त्यांची उंची कमी, मुकुट अर्धा, आणि जमिनीवरच्या नोंदवहीत त्यांचा पत्ता नाही.

तिसरे नुकसान सूक्ष्म आहे. विमानातून निघणारा प्रत्येक स्पंद सरळ खाली येत नाही, बाजूचे स्पंद तिरके येतात. उभ्या रेषेपासून १५ अंश कललेला स्पंद २५ मीटर उंचीच्या शेंड्याला स्पर्श करून जमिनीवर पोहोचेपर्यंत आडवा जवळजवळ ६.७ मीटर सरकतो. त्याची पहिली परत हद्दीच्या आत आणि शेवटची बाहेर, असे घडू शकते. हद्द म्हणजे जमिनीतून आकाशापर्यंत उभी केलेली भिंत, आणि ती अशा स्पंदाचे दोन तुकडे करते. उंचीच्या हिशेबात याने फरक पडत नाही. पण जमिनीपर्यंत पोहोचलेल्या स्पंदांचे प्रमाण पाहून छत्राची घनता काढायची असेल, तर कडेचे हे अर्धवट स्पंद गणितात शिरतात.

दोनदा कापणे

यावरचा उपाय शिंप्याच्या हाताला ठाऊक असतो: मापावर रेघ मारायची, पण कात्री रेघेबाहेर चालवायची आणि शिवणीसाठी माया ठेवायची. बिंदुमेघातही पहिली कात्री हद्दीच्या बाहेर, काही मीटर माया सोडून चालवतात. या मायेला तांत्रिक भाषेत 'बफर' म्हणतात. जमिनीचे त्रिकोण, उंचीची वजाबाकी, शेंड्यांचा शोध, ही सगळी कामे माया असतानाच करायची. ज्या प्रक्रियेत शेजारच्या बिंदूंकडे पाहावे लागते, ती संपेपर्यंत शेजार राखायचा. शेवटी नेमक्या रेषेवर दुसरी कात्री.

आर या संगणकभाषेतील `lidR` हा संच जंगलाच्या कामात खूप वापरला जातो. त्यात हा क्रम असा लिहिता येतो:

```r
library(lidR); library(sf)
ctg   <- readLAScatalog("laz/")
opt_filter(ctg) <- "-drop_class 7 18"
seema <- st_transform(st_read("plot.gpkg"), st_crs(ctg))
maya  <- st_buffer(seema, 30)
las   <- clip_roi(ctg, maya)
las   <- normalize_height(las, tin())
tops  <- locate_trees(las, lmf(5))
tops  <- tops[seema, ]
exact <- clip_roi(las, seema)
```

ओळींचा अर्थ असा. पहिली ओळ लागणारे संच उघडते. दुसरी सगळ्या फरशांची यादी उघडते, पण बिंदू लगेच वाचत नाही. तिसरी ७ आणि १८ या वर्गांचे बिंदू गाळते. हे बिंदू म्हणजे गोंगाट: जमिनीखाली दिसणारे खोटे बिंदू, आकाशात उडणारा पक्षी. चौथी ओळ हद्दीचे आकडे बिंदूंच्या पद्धतीत आणते. पाचवी ३० मीटर माया वाढवते, सहावी मायेसह कापते. सातवीत जमीन वजा होते, आठवीत शेंडे सापडतात. नवव्या ओळीत फक्त हद्दीतले शेंडे ठेवले जातात आणि दहाव्या ओळीत बिंदूंवर शेवटची कात्री चालते.

नववी ओळ नीट समजून घ्यावी. झाड आतले की बाहेरचे, याचा निवाडा इथे शेंड्यावरून होतो. बाहेरच्या ओकचा खरा शेंडा मायेत सापडला, तो बाहेरचा ठरला आणि अख्खे झाड बाद झाले. खोटी रांग तयारच झाली नाही. उलट, ज्याचा शेंडा आत आहे पण मुकुट बाहेर पसरला आहे, त्या झाडाचा मुकुट मायेतल्या बिंदूंमुळे पूर्ण मोजता येतो. जमिनीवर मोजणारे लोक मात्र खोडाच्या बुंध्यावरून निवाडा करतात. झाड कललेले असेल, तर शेंडा आत आणि बुंधा बाहेर असू शकतो. त्यामुळे दोन्ही याद्या कडेला तंतोतंत जुळणार नाहीत, आणि त्या जुळवण्यासाठी हद्द इकडेतिकडे सरकवू नये.

मायेचा खर्च किती? ५०० बाय ७०० मीटरच्या आयताभोवती ३० मीटर वाढवले, की क्षेत्र ३५ वरून सुमारे साडेबेचाळीस हेक्टरांवर जाते. ३५ लाख बिंदूंच्या जागी साडेबेचाळीस लाख. चार कोटींच्या मानाने हे ओझे नगण्य आहे. फक्त फरशा निवडताना आयताचे नव्हे, मायेचे कोपरे धरावेत. आयत एका फरशीत बसला आणि माया शेजारच्या फरशीत गेली, पण ती फरशी आपण उतरवलीच नाही, असे झाले तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. त्या बाजूला माया नसते, इतकेच.

माया किती मीटर?

`lidR` मोठ्या क्षेत्रावर तुकड्या-तुकड्याने काम करतो, तेव्हा प्रत्येक तुकड्याभोवती स्वतःहून ३० मीटर माया धरतो. जंगलासाठी सुरुवात म्हणून हा आकडा ठीक आहे. तो आपल्या जागेला पुरतो का, हे ठरवायला दोन अंतरे पाहावीत. एक, तिथल्या मोठ्यात मोठ्या मुकुटाची रुंदी. बाहेरचे झाड पूर्ण दिसायला हवे. दोन, जमिनीच्या बिंदूंमधली मोठ्यात मोठी दरी. त्रिकोणांना पलीकडचा आधार मिळायला हवा. दोन्हींपैकी जे अंतर मोठे, त्याहून माया जास्त असावी.

खात्री करण्याची एक सोपी आणि निर्विवाद चाचणी आहे. सगळे काम एकदा ३० मीटर मायेने करावे आणि पुन्हा ६० मीटर मायेने. शेवटी दोन्ही वेळी एकाच हद्दीवर कापावे आणि एका उंची-नकाशातून दुसरा वजा करावा. सगळीकडे शून्य आले, तर ३० मीटर पुरेसे आहेत. कडेला कुठे आकडे उरले, तर त्या ठिकाणी माया कमी पडते आहे. कुठे कमी पडते, तेही वजाबाकीच दाखवते.

काही प्रश्नांना मीटरमधली माया पुरत नाही. पाणी कुठून कुठे वाहते याचा अभ्यास असेल, तर हद्दीत शिरणारे पाणी दोन-चार किलोमीटर वरच्या डोंगरावरूनही येत असते. तिथे हद्द गावाची किंवा तालुक्याची घेऊन भागत नाही, सबंध पाणलोट क्षेत्र घ्यावे लागते आणि त्याच्या कडांना माया जोडावी लागते. गावाच्या हद्दीवर कापलेल्या भूरूपावर ओढे काढले, तर रेषेलगतचा प्रत्येक ओढा तिथेच उगम पावल्यासारखा दिसतो. पाणी किती येते याचा अंदाज मग मुळातच कमी निघतो.

चौकट लहान, कड मोठी

३५ हेक्टरांच्या आयताला एक सवलत आहे: तो मोठा आहे. त्याच्या कडेपासून आतली पाच मीटरची पट्टी ही एकूण क्षेत्राच्या फक्त ३.४ टक्के. कडेला काही बिघडले, तरी सरासरी फारशी हलत नाही.

पण बहुतेक वनमोजणी लहान चौकटींत होते. २० बाय २० मीटरची चौकट घ्या, क्षेत्र ४०० चौरस मीटर. तिच्या कडेपासून आतली पाच मीटरची पट्टी ३०० चौरस मीटर भरते. म्हणजे चौकटीचा पाऊण भाग कडच आहे. इथे माया न ठेवता कापले, तर निकालावर चौकटीतल्या जंगलापेक्षा कात्रीचा प्रभाव अधिक. ३० मीटर माया धरली, तर चौकटीपेक्षा चौदा पट क्षेत्र वाचावे लागते. ते वाचावे. एवढ्या लहान तुकड्यांत चौदा पट झाले, तरी ते बिंदू हजारांतच राहतात.

लहान चौकटीत कोपऱ्यांच्या जागेचा प्रश्नही गंभीर होतो. दाट झाडीखाली हातात धरायच्या साध्या जीपीएसची चूक पाच मीटर किंवा त्याहून जास्त असू शकते. चौकट पूर्वेला पाच आणि उत्तरेला पाच मीटर सरकली, तर खऱ्या चौकटीशी तिचा फक्त ५६ टक्के भाग जुळतो. बाकीचा ४४ टक्के शेजारच्या जंगलाचा. जमिनीवर एक झाडझाडोरा मोजला आणि विमानातून दुसराच. तेवढ्याच सरकण्याने ५०० बाय ७०० मीटरच्या आयताचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग जुळलेला राहतो. म्हणून लहान चौकटींचे कोपरे मोजायला उच्च अचूकतेचे उपकरण लागते, आणि ते बराच वेळ एका जागी स्थिर ठेवून मोजावे लागते. ही कसर क्लिप करताना भरून काढता येत नाही. कात्री कितीही धारदार असली, तरी आखलेली रेघ जिथे आहे तिथेच ती कापते.

बिघाड ओळखावा कसा?

क्लिप झाल्यावर लगेच तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बिंदूंची संख्या. क्षेत्र गुणिले घनता हा अंदाज आधीच कागदावर मांडावा. ३५ हेक्टर आणि चौरस मीटरला दहा, म्हणजे ३५ लाखांच्या आसपास. हाती १९ लाख आले, तर एखादी फरशी राहून गेली आहे किंवा हद्द अर्धी बाहेर सरकली आहे. संख्या थोडी मागेपुढे झाली तर चिंता नको. विमानाचे पट्टे जिथे एकमेकांवर येतात, तिथे घनता वाढतेच.

दुसरी, घनतेचा नकाशा. कापलेल्या तुकड्याचे एक-एक मीटरचे चौरस करून प्रत्येकात किती बिंदू आहेत ते रंगाने दाखवावे. फरशी नसेल तिथे सरळ रेषेत संपणारी मोकळी जागा दिसते. तळे असेल तिथेही मोकळी जागा दिसते, कारण पाणी लेझर गिळते, पण तिची कड वाकडीतिकडी असते. हद्दीवर अर्धेच कापलेले चौरस विरळ दिसतात. त्यांतली झाडी विरळ नाही, चौरसच अर्धा आहे. अशा चौरसांची घनता पूर्ण क्षेत्राने भागू नये.

तिसरी, उंचीचा नकाशा, आणि तोही कडेच्या बाजूने. माया नसताना केलेल्या कामाची खूण म्हणजे हद्दीला समांतर धावणारी एक किनार: कुठे ओळीने ठेंगणी झाडे, कुठे शून्याखाली गेलेल्या उंच्या, कुठे शेजाऱ्यांहून एकदम उंच ठिपके. जंगलाला आपली हद्द माहीत नसते. एखादी रचना आपल्या हद्दीला समांतर धावत असेल, तर ती जंगलात नसून आपल्या कामात आहे, असे खुशाल धरावे. याला एकच अपवाद: हद्द स्वतःच एखाद्या रस्त्यावर, कुंपणावर किंवा शेताच्या बांधावर आखलेली असेल, तर तिथला बदल खरा असू शकतो.

पलीकडे काहीच नसेल तेव्हा

कधी कधी माया ठेवायला कापडच नसते. उड्डाणाचे क्षेत्र आपल्या हद्दीवरच संपते, किंवा कुणीतरी आधीच काटेकोर कापलेली फाइल आपल्याला दिलेली असते. पहिल्यांदा मूळ, न कापलेला साठा मागून पाहावा. बऱ्याचदा तो कुठेतरी असतो. तो नसेल, तर माया आतून घ्यावी लागते. सगळ्या उपलब्ध बिंदूंवर प्रक्रिया करायची, पण निकाल सांगताना कडेची पट्टी सोडून द्यायची. ५०० बाय ७०० मीटरच्या आयतातून २० मीटरची पट्टी सोडली, तर १३ टक्क्यांहून थोडे अधिक क्षेत्र हातचे जाते आणि ४६० बाय ६६० मीटरचा आतला भाग उरतो. हा तोटा उघड आहे, मोजलेला आहे. कडेच्या चुका निकालात लपवून ३५ हेक्टर सांगण्यापेक्षा खात्रीने तीस हेक्टर सांगणे केव्हाही बरे.

म्हणून क्लिप केलेली फाइल दुसऱ्याच्या हाती देताना तिच्यासोबत चार ओळींची नोंद असलीच पाहिजे: हद्द कोणत्या सहनिर्देशक-पद्धतीत होती, माया किती मीटर ठेवली, जमीन वजा केली ती शेवटच्या कात्रीआधी की नंतर, आणि मायेसह कापलेला मूळ तुकडा कुठे जतन केला आहे. कापलेल्या बिंदूंवरून यांतले बहुतेक काही पुन्हा शोधून काढता येत नाही. पाच वर्षांनी पुन्हा उड्डाण होईल, झाडे किती वाढली हे कुणीतरी विचारेल आणि नव्या उंचीतून जुनी वजा करायला बसेल. दोन्ही वेळा कड एकाच रीतीने कापलेली असेल, तरच उरलेला फरक झाडांच्या वाढीचा असेल.